मदत हवी आहे: पगार दोन खात्यांत वाटून टाका म्हणून मालकाले अर्ज कसा लिहू?

वजनकाटा_मारेगाव

नमस्कार मंडळी. मी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर हाय, घर मारेगाव तालुक्यात, सीझन चालू झाला की तिकडंच क्वार्टरमध्ये राहतो, घरी पंधरा दिवसांनी एक चक्कर. पगार माझ्या एकट्याच्या नावाच्या सॅलरी अकाउंटमध्ये येते, मालकाची बँक हाय तीच. हातात 16,361 पडतात. एटीएम कार्ड घरी बायकोजवळ ठेवून देतो कारण दवाखाना, किराणा, पोरीची ट्युशन सगळं तिलेच पाहावं लागते, आई पण तिच्याचजवळ हाय.

अडचण अशी की सगळा पैसा एकाच खात्यात असला की महिन्याच्या 25 तारखेले खातं खाली. बायको उधळी नाही हो, उलट ती लय जपून करते, पण खात्यात पैसा दिसला की कोणी ना कोणी येतंच, दिराले खताले पाहिजे, भाच्याची फी भरायची, आणि तिले नाही म्हणता येत नाही. मागच्या वर्षी मी 30,000 जमवायचे ठरवले होते, दिवाळीले पासबुक छापून आणलं तं 2,140 निघाले. त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून ठरवलं की घरखर्चाचा पैसा वेगळ्या खात्यात अन् बचतीचा वेगळ्या, आणि बचतीचं कार्ड घरात ठेवायचंच नाही.

तं मले मालकाले अर्ज द्यायचा हाय की दर महिन्याले 12,000 एका खात्यात टाका अन् बाकीचे दुसऱ्यात. घरखर्चाचं खातं बायकोच्या नावाचं दिलं तं चालते का? आणि अर्जात काय काय लिहावं लागते? ऑफिसमधले अकाउंटंट साहेब चांगले हायेत पण कामाच्या गर्दीत त्यांना दहा वेळा विचारायले बरं नाही वाटत.

कापूस_ते_कापड

भाऊ बिनधास्त अर्ज टाका, कायद्याने आपला हक्क आहे. पगार कोणत्या खात्यात घ्यायचा हे कामगार ठरवतो, मालकाला नाही म्हणताच येत नाही. बायकोचं खातं दिलं तरी चालते, नवराबायको एकच. मी तर म्हणतो टक्क्यांत लिहा, 75 टक्के घरखर्च आणि 25 टक्के बचत, म्हणजे पगार वाढला की आपोआप दोन्हीकडं वाढते, पुन्हा अर्ज नको.

संध्या_दारव्हा

आमच्या ह्यांचा पगार जिल्हा परिषदेचा आहे, तिथे असं काही होत नाही, एक खातं म्हणजे एकच. तुम्हाला बँक बदलायची आहे का दादा? बँक बदलायची असेल तर जुन्या बँकेचं ना हरकत पत्र आधी घ्या, आमचं त्याच्यात दोन महिने पगार अडकला होता, घरात लग्न होतं, फार त्रास झाला. कर्जाचा हप्ता जुन्या खात्यातून कटत होता म्हणून बँक पत्रच देईना.

वजनकाटा_मारेगाव

संध्याताई बँक बदलायची नाही, आहे ते खातं राहू द्यायचं अन् त्याच्या जोडीले अजून एक. कर्ज पण नाही सध्या. पण तुमचं वाचून एक कळलं की हप्ता कटत असला तं आधी ते पाहा लागते.

मुनीम_वर्धा

मी एका दालमिलमध्ये 14 वर्षांपासून पगारपत्रक करतो, 60-65 माणसं आहेत, तर टेबलाच्या या बाजूने सांगतो.

आधी कापूसभाऊंच्या हक्काबद्दल. वेतनाच्या कायद्यात पगार कर्मचाऱ्याच्या बँक खात्यात जमा करायचा एवढंच आहे, तो दोन खात्यांत वाटून द्या असं मालकावर बंधन कुठे नाही. म्हणजे हे विनंतीचं काम आहे, हक्काचं नाही, आणि अर्जाची भाषा पण तशीच ठेवा. हक्क म्हणून लिहिलं की साहेब फाइल बाजूला सारतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बायकोच्या एकटीच्या नावाचं खातं मी घेत नाही, कोणताही शहाणा अकाउंटंट घेणार नाही. उद्या काही वाद झाला तर पगार कर्मचाऱ्याला मिळाला हे मला त्याच्याच खात्यावरून दाखवावं लागते. पण जॉइंट खातं चालते, पहिलं नाव तुमचं, दुसरं वहिनींचं, आणि दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असं बँकेत लिहून दिलेलं. त्यात वहिनींना त्यांच्या स्वतःच्या नावाचं कार्ड मिळते. आता तुम्ही तुमचं कार्ड न् पिन त्यांच्याजवळ ठेवता ना, ते बँकेच्या नियमात बसत नाही, काही गडबड झाली तर बँक हात वर करते. जॉइंट खात्याने तो पण प्रश्न सुटतो.

आता आमच्याकडं काम कसं होते ते पाहा. महिन्याच्या शेवटी आम्ही बँकेच्या साइटवर एक फाइल चढवतो, एका माणसाची एक ओळ, नाव, खाते नंबर, आयएफएससी, रक्कम. तुमच्या दोन ओळी पडतील. काही सॉफ्टवेअर एका एम्प्लॉयी कोडला दुसरी ओळ घेतच नाही, मग तो माणूस दर महिन्याला हाताने दुसरी ओळ घालतो, आणि हाताने केलेलं काम एखाद्या महिन्याला राहूनच जाते. म्हणून अर्ज देण्याआधी अकाउंटंट साहेबांना एकच प्रश्न विचारा, तुमच्या फाइलमध्ये एका माणसाच्या दोन ओळी जातात का. दहा वेळा नाही, एकदाच.

वऱ्हाडी_ठेचा

मुनीमजी पण एवढं कायले? बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन टाका ना, पगार आला की 12,000 आपोआप दुसऱ्या खात्यात. मालकाच्या दारात जायचं कामच नाही.

मुनीम_वर्धा

तो रस्ता चांगला आहे, आणि ऑफिसने नाही म्हटलं तर तोच धरायचा. पण त्याला तारीख द्यावी लागते. यांच्या इथं पगार 7 ला पडतो समजा, 8 तारीख दिली, आणि एखाद्या महिन्यात पगार 9 ला आला की 8 ला खात्यात पैसे नाही म्हणून ती इन्स्ट्रक्शन फेल. काही बँका दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करतात, काही करत नाहीत, काही दंड लावतात. घरी किराणावाला वाट पाहत बसतो. मालकाकडून वाटून आलं तर पगार ज्या दिवशी येईल त्याच दिवशी दोन्हीकडं पडते.

पांढरं_सोनं_78

हे माझ्यासोबत झालं आहे म्हणून सांगतो. मी पण एका कारखान्यात होतो, सीझनमध्ये पगार कधी 6 ला कधी 11 ला, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन तीन महिन्यांत दोनदा फेल गेली, शेवटी बंद केली अन् हातानेच फोनवरून टाकायचो. पण हाताने टाकायचं म्हटलं की या महिन्यात कमी टाकू, पुढच्या महिन्यात भरून काढू, असं होत होत बचत राहूनच गेली. म्हणून मालकाकडूनच वाटून येत असेल तर सोडू नका.

वजनकाटा_मारेगाव

मुनीमजी लय उपकार. जॉइंट खातं होऊ शकते, गावाहून 9 किलोमीटरवर ग्रामीण बँकेची शाखा हाय, तिथं आमचं दोघांचं खातं हायच, पीक विम्यासाठी काढलं होतं, पहिलं नाव माझं. मग असं करू का, घरखर्च त्यात अन् बचत सध्याच्या सॅलरी अकाउंटमध्येच राहू देऊ? एक अजून, कापूसभाऊ म्हणतात तसं टक्क्यांत लिहू का आकड्यात?

मुनीम_वर्धा

तसंच करा, सॅलरी अकाउंट चालू ठेवायचा तोच फायदा आहे. त्यात काही महिने पगार आलाच नाही तर बँक ते साध्या बचत खात्यात बदलते आणि मग मिनिमम बॅलन्सची भानगड सुरू होते.

टक्क्यांत नको. 16,361 चे 75 टक्के म्हणजे 12,270 रुपये 75 पैसे, दर महिन्याला पैशांपर्यंत हिशोब आणि राउंडिंगचा घोळ, अकाउंटंट वैतागते. एका खात्यात ठरलेला आकडा आणि दुसऱ्यात "उरलेली सर्व रक्कम" असंच लिहायचं. पण आकडा कोणत्या खात्याला आणि उरलेली कोणत्याला, सगळा खेळ तिथंच आहे, ते तुमच्याच पगारावर करून दाखवतो.

अंदाजाने तुमचा ग्रॉस 18,500 असेल आणि बेसिक 15,000. पीएफ 1,800, ईएसआयसी 139, व्यावसायिक कर 200, हातात 16,361. जुळलं ना? आता समजा एखाद्या महिन्यात पोरगी आजारी पडली आणि चार दिवस बिनपगारी गेले. आमच्यासारखं 26 दिवसांनी भागलं तर ग्रॉस 15,654 होतो, पीएफ 1,523, ईएसआयसी 118, कर 200, आणि हातात 13,813.

तुम्ही जर "बचतीत 4,000, उरलेले घरी" असं लिहून दिलं असेल तर त्या महिन्यात घरी जातील 9,813. ज्या महिन्यात पोरगी आजारी, दवाखान्याचा खर्च, नेमका त्याच महिन्यात घरचा पैसा कमी. आणि "घरी 12,000, उरलेले बचतीत" लिहिलं असेल तर घरी 12,000 पूर्ण, बचतीत 1,813. घर चालू राहते, बचत थोडी हलते. तुमच्या घरात माणसं खातात त्या खात्याला ठरलेला आकडा द्या. बोनस, ओव्हरटाइम, पगारवाढ काही आलं तर ते पण आपोआप बचतीत जाते, त्याला कोणाचा हात लागत नाही. फेब्रुवारीत व्यावसायिक कर 200 ऐवजी 300 कटतो, ते शंभर रुपये पण बचतीतूनच कमी होतील, घरी कळणार पण नाही.

आणि एक ओळ लोक विसरतात. सीझन सुरू होताना उचल घेता का? घेत असाल तर ज्या महिन्यात उचल कटते त्या महिन्यात हातात 12,000 पण येणार नाहीत. मग अकाउंटंटने काय करायचं? त्याला ठाऊक नसते, तो दोन्ही थांबवते आणि तुम्हाला फोन करते, तुम्ही काट्यावर असता, फोन उचलत नाही, पगार दोन दिवस लेट. म्हणून स्पष्ट लिहा की हातचा पगार 12,000 पेक्षा कमी झाला तर सगळा घरखर्चाच्या खात्यात टाकावा.

वजनकाटा_मारेगाव

आकडे बरोब्बर जुळले मुनीमजी, स्लिपवर हेच हाय! उचल घेतो, दिवाळीच्या आधी घेतली होती 10,000, दोन हप्त्यांत कटली. त्या महिन्यांत घरी काय झालं होतं ते आठवलं की अजून वाईट वाटते. ही ओळ नक्की टाकतो.

कापूस_ते_कापड

टक्क्यांचं माझं चुकलं, मुनीमजींचा हिशोब पाहून पटलं. पण बचतीच्या पैशाची लगेच आरडी लावा भाऊ, पोस्टात 4,000 ची पाच वर्षांची, नाहीतर तो पैसा पण जाईल.

संध्या_दारव्हा

पोस्टाची आरडी मी चालवते म्हणून सांगते, 4,000 ची लावू नका. वर मुनीमजींनी काढलं ना, चार दिवस सुट्टी पडली की बचतीत 1,813 च येतात, मग हप्ता कुठून भरणार. हप्ता चुकला की शंभराला एक रुपया महिन्याला दंड, आणि सलग चार हप्ते चुकले की खातं बंद पडते, नंतर दोन महिन्यांच्या आत जाऊन चालू करून घ्यावं लागते. तुमच्या उचल कटायच्या महिन्यांत तर बचतीत काहीच येणार नाही. 1,500 ची लावा आणि बाकीचे खात्यात राहू द्या, म्हणजे एखादा महिना कमी आला तरी आधीच्या शिलकीतून हप्ता निघेल. माझे सुरुवातीला दोन हप्ते असेच चुकले होते, तेव्हा कोणी सांगणारं नव्हतं.

मुनीम_वर्धा

संध्याताईंनी नेमकं सांगितलं.

हा अर्जाचा मसुदा घ्या, आमच्याकडं असे आले की मी लगेच करतो:

> प्रति,
> मा. व्यवस्थापक साहेब / लेखा विभाग
>
> विषय: मासिक पगार दोन बँक खात्यांत जमा करण्याबाबत विनंती
>
> महोदय,
> मी आपल्याकडे वजनकाटा विभागात काम करतो. माझा कर्मचारी क्रमांक ____ आहे. सध्या माझा संपूर्ण पगार एकाच खात्यात जमा होतो. घरखर्च आणि बचत वेगळी ठेवता यावी म्हणून माझा निव्वळ पगार ____ महिन्यापासून खालीलप्रमाणे जमा करावा ही विनंती.
>
> घरखर्चाचे खाते: दरमहा रु. 12,000 (अक्षरी रुपये बारा हजार फक्त). हे माझे व माझ्या पत्नीचे संयुक्त खाते असून त्यात पहिले नाव माझे आहे. बँक व शाखा ____, खाते क्रमांक ____, आयएफएससी ____.
>
> बचतीचे खाते: उरलेली सर्व रक्कम, बोनस व इतर देय रकमेसह. हे माझे सध्याचेच पगार खाते आहे. खाते क्रमांक ____.
>
> कपात किंवा उचल वजा जाता एखाद्या महिन्यात निव्वळ पगार रु. 12,000 पेक्षा कमी झाल्यास ती संपूर्ण रक्कम घरखर्चाच्या खात्यात जमा करावी. पगारपत्रकावर (स्लिपवर) एकूण पगार पूर्वीप्रमाणेच एकत्र दाखवावा. ही व्यवस्था मी लेखी बदल कळवेपर्यंत चालू ठेवावी.
>
> दोन्ही खात्यांच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, दिनांक, मोबाइल)

स्लिपवर एकत्र दाखवा हे मुद्दाम लिहिलं. उद्या गाडीचं नाहीतर घराचं कर्ज काढायला गेलात की बँकवाला सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागतो, आणि एका खात्यात त्याला पगार दिसतो फक्त चारेक हजार. स्लिपवर पूर्ण आकडा असला आणि दोन्ही खात्यांची स्टेटमेंट सोबत दिली की तो समजून घेतो.

अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर "मिळाला" म्हणून तारखेसह सही घ्या. आणि महिन्याच्या 20 च्या आत द्या. आमच्याकडं 25 ला पगारपत्रक बंद होते, नंतर आलेला बदल पुढच्या महिन्यात जातो, तुमच्याकडची तारीख विचारून घ्या.

पांढरं_सोनं_78

ग्रामीण बँकेचं खातं म्हणालात ना, एक सांगतो. 1 मे 2025 ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिळाली. तुमचं पासबुक त्याच्या आधीचं असेल तर त्यावरचा आयएफएससी पाहून अर्जात उतरवू नका, शाखेत जाऊन आज कोणता चालू आहे ते विचारा आणि पासबुक नवीन छापून घ्या.

मुनीम_वर्धा

फार कामाचं सांगितलं. आयएफएससी 11 अक्षरांचा असतो आणि पाचवं अक्षर शून्य असते, लोक ते इंग्रजी ओ म्हणून लिहितात. कोड चुकला तर बहुतेक वेळा पैसा परत येते, पण तो आमच्या कंपनीच्या खात्यात परत येते, तुमच्याकडं मेसेज येत नाही. अकाउंटंटने ते स्टेटमेंट पाहिलं तरच कळते. खाते नंबरचा एक आकडा चुकला आणि त्या नंबरचं दुसऱ्या कोणाचं खातं निघालं तर जास्त वाईट, कारण पैसा जमा होताना नंबर पाहिला जातो, नाव नाही. आता बँकांच्या साइटवर नाव पडताळून पाहायची सोय आली आहे, पण फाइलने टाकताना ती प्रत्येक ठिकाणी वापरतातच असं नाही. म्हणून पहिल्या महिन्यात 12,000 पडले का ते त्याच दिवशी वहिनींना पासबुक नाहीतर मेसेज पाहायला सांगा, दोन-तीन दिवस थांबू नका.

वजनकाटा_मारेगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शाखेत जाऊन आलो, पासबुक खरंच जुनं होतं, आधीच्या बँकेच्या नावाचं, कोड पण जुनाच. साहेबांनी नवीन पासबुक दिलं, बायकोच्या कार्डाचा फॉर्म पण भरला, तिनं पहिल्यांदा स्वतःच्या नावाच्या कार्डासाठी सही केली. परत येताना बसमध्ये तिनं मले विचारलं की आता माझ्या कार्डावर फक्त घराचेच पैसे राहतील ना, म्हणजे कोणी मागितलं तं खरंच नाहीत म्हणता येईल. मले तेव्हा कळलं की तिलेच याचा जास्त भार होता.

आज सकाळी अर्ज दिला. अकाउंटंट साहेबांनी वाचला, म्हणाले लिहिलं बरोबर हाय, पण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरी ओळ जाते का ते कंपनीवाल्याले विचारून सांगतो. दुसऱ्या प्रतीवर सही दिली, तारीख 17.

एक राहिलं मुनीमजी, सॅलरी अकाउंटवर अपघात विमा हाय म्हणतात. आता त्यात चारेक हजारच येतील, उचलीच्या महिन्यात शून्य, तं तो विमा राहतो का?

मुनीम_वर्धा

ते बँकेप्रमाणे बदलते, काहींना महिन्याला ठरावीक रकमेच्या वर पगार जमा व्हावा लागतो. मी इथं हो म्हणून मोकळा होणार नाही, तुमच्या शाखेत जाऊन तुमच्या खात्याचा प्रकार कोणता आणि किती जमा लागते हे विचारा, जमलं तर लेखी घ्या. पगार वाटून यायला लागायच्या आधीच विचारा.

वऱ्हाडी_ठेचा

शाखेत काय सांगते ते इथं टाका भाऊ, माझं पण खातं तसंच आहे.

वजनकाटा_मारेगाव

सोमवारी सुट्टी हाय काट्याले, तेव्हा जातो अन् टाकतो.